हे ऊन शंभर वर्षांतलं, की आता नेहमीचं?



उन्हाचा विषय निघाला की आमच्या पारावर दोन गट पडतात. एक गट म्हणतो, खान्देशात ऊन काय नवं आहे का, आमच्या आज्यानेही हेच भोगलं. दुसरा गट म्हणतो, सगळं हवामान बदलाचं काम आहे. गारपीट त्याचीच, पूर त्याचाच, आणि केळीवर करपा आला तरी त्याचाच. दोघं जोरात बोलतात, पण मोजमाप कोणाकडेच नसतं. शास्त्रज्ञ हे मोजमाप कसं करतात ते आज जरा सविस्तर लिहितो, कारण त्यावर आपले पैशाचे निर्णय अवलंबून असतात.

उदाहरण २०२२ चं घेऊ. त्या वर्षी मार्चमध्येच मे महिन्यासारखं ऊन पडलं. कापूस उपटून मग डिसेंबरात गहू पेरणाऱ्यांचा दाणा भरायच्या वेळेलाच उन्हाने गाठला आणि बारीक राहिला. आमच्या गल्लीतले तात्या म्हणाले, "भाऊ, असं ऊन मन्हा जल्ममा दखं नही." पण त्यांचा खरा प्रश्न पुढचा होता. हे एकदाच आलं, की आता येत राहील? शंभर वर्षांतून एकदाचं असेल तर नुकसान सोसायचं आणि पुढच्या वर्षी तसाच गहू पेरायचा. दर चार-दोन वर्षांनी येणार असेल तर मात्र गणित बदललं. मग कापूस लवकर मोकळा करून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी करायची, नाहीतर त्या वावरात उशिराच्या गव्हाचा नादच सोडायचा. तात्यांचा हा प्रश्न आणि शास्त्रज्ञांचा प्रश्न अगदी एकच आहे.

"हे ऊन हवामान बदलामुळे पडलं का?" असा प्रश्न शास्त्रज्ञ विचारत नाहीत. तो प्रश्नच चुकीचा आहे, कारण उन्हाची लाट पूर्वीही येत होती. ते विचारतात, "एवढी मोठी लाट आजच्या हवेत किती वर्षांतून एकदा येते, आणि धूर-कार्बनने पृथ्वी तापली नसती तर किती वर्षांतून एकदा आली असती?" या दोन आकड्यांचा भागाकार म्हणजे उत्तर.

कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर गेलेल्यांना हे लगेच कळेल. नवीन खताचा परिणाम बघायचा तर शेजारी बिनखताचा प्लॉट ठेवावा लागतो, ज्याला आपण कंट्रोल म्हणतो. नुसतं खत टाकलेलं पीक बघून उत्पादन खतामुळे आलं की पावसामुळे, हे सांगता येत नाही. एका प्लॉटवर विसंबताही येत नाही, म्हणून तीन-चार वेळा पुनरावृत्ती घेतात. आता अडचण अशी की पृथ्वी एकच आहे आणि तिला खत देऊन झालेलं आहे. कंट्रोल प्लॉट शिल्लकच नाही. म्हणून तो संगणकात तयार करतात. हवामानाच्या मॉडेलमध्ये एका बाजूला आजची हवा, दुसऱ्या बाजूला कारखाने आणि गाड्यांच्या आधीची हवा, आणि दोन्हीकडे शेकडो वर्षांचं हवामान चालवून बघायचं. ही कल्पना फार जुनी नाही. युरोपात २००३ च्या उन्हाळ्यात मोठी लाट आली, तिच्यावर २००४ मध्ये पहिला असा अभ्यास छापून आला. त्यात निष्कर्ष निघाला की माणसाच्या धुरामुळे अशा उन्हाळ्याचा धोका किमान दुप्पट झाला.

आता २०२२ च्या लाटेचा हिशोब पायरीपायरीने पाहू. हा अभ्यास वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या गटाने मे २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या देशांतले शास्त्रज्ञ त्यात होते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या मरियम झकरिया, मुंबई आयआयटीच्या अर्पिता मोंडल आणि दिल्ली आयआयटीचे कृष्णा अच्युतराव ही त्यातली काही नावं.

पहिली पायरी म्हणजे घटना ठरवणं. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. एका गावाचा एका दिवसाचा उच्चांक घ्यायचा, की मोठ्या भागाची महिन्याभराची सरासरी? २०२२ चं वैशिष्ट्य एका दिवसाचा विक्रम नव्हतं. ऊन लवकर आलं, लांब टिकलं आणि फार मोठ्या भागावर राहिलं. भारतात तो मार्च १९०१ पासूनच्या नोंदींमधला सगळ्यात उष्ण मार्च होता आणि देशभर मार्चचा पाऊस सरासरीपेक्षा ७१ टक्के कमी होता. म्हणून त्यांनी उत्तर भारत आणि दक्षिण पाकिस्तानचा मोठा पट्टा घेतला आणि मार्च-एप्रिल या दोन महिन्यांच्या दिवसाच्या कमाल तापमानाची सरासरी ही घटना धरली. गव्हाला आणि माणसाला जे बाधलं तेच मोजायचं, हा त्यामागचा विचार.

दुसरी पायरी म्हणजे जुन्या नोंदी. भारतीय हवामान विभागाच्या अनेक दशकांच्या नोंदी घेऊन दरवर्षीचा हा आकडा काढतात. मग तो वर्षागणिक न मांडता पृथ्वीच्या सरासरी तापमानाशी जोडून मांडतात, कारण कारण काळ नाही, ताप आहे. पृथ्वी तेव्हा औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा सुमारे १.२ अंश तापलेली होती. या मांडणीवरून दिसलं की आजच्या हवेतसुद्धा २०२२ सारखा मार्च-एप्रिल दुर्मीळच आहे, साधारण शंभर वर्षांतून एकदा येणारा.

तिसरी पायरी मॉडेलची. पण मॉडेल आणलं आणि चालवलं असं करत नाहीत. बियाणं पेरण्याआधी आपण गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण तपासतो, तशी आधी मॉडेलची परीक्षा होते. या भागात ऊन कोणत्या महिन्यात चढतं, पावसाळा कधी ते उतरवतो, एका वर्षाचा आकडा दुसऱ्यापेक्षा साधारण किती हलतो, हे मॉडेलला बरोबर दाखवता आलं पाहिजे. ज्याला जमत नाही ते बाजूला काढतात. उरलेल्यांमध्ये आजची हवा आणि जुनी हवा अशी तुलना करतात.

चौथी पायरी म्हणजे नोंदींचं उत्तर आणि मॉडेलची उत्तरं एकत्र करणं. दोन्ही एकाच दिशेला बोलत असतील तर विश्वास वाढतो. इथे ती बोलली. निष्कर्ष निघाला की हवामान बदलामुळे अशा लाटेची शक्यता सुमारे ३० पट वाढली, आणि तीच लाट जुन्या हवेत आली असती तर सुमारे १ अंशाने थंड असती. म्हणजे आज जी शंभर वर्षांतून एकदा, ती पूर्वी तीन हजार वर्षांतून एकदा. व्यवहारात त्याला "येत नव्हती" असंच म्हणायचं.

इथे बरेच जण अडतात. एकच अंश वाढला आणि शक्यता तीस पट, हे कसं? नाल्याच्या बांधाचं उदाहरण घ्या. नाल्यात एरवी कमरेइतकं पाणी असतं आणि बांध डोक्याइतका उंच आहे. बांधावरून पाणी जायचं तर पिढ्यांतून एखादा पूर लागतो. आता नाल्याचा तळ गाळाने वीतभर वर आला. रोजचं पाणी बघून कोणालाच काही जाणवणार नाही. पण पूर्वी जे पूर बांधाच्या वीतभर खाली थांबायचे, ते सगळे आता वर चढतील. असे पूर बांध ओलांडणाऱ्या पुरांपेक्षा कितीतरी जास्त असतात. सरासरी थोडी सरकली की टोकाच्या घटना अनेक पटींनी वाढतात, ते यामुळे.

त्याच महिन्यात ब्रिटनच्या मेट ऑफिसनेही एक अभ्यास काढला आणि त्यात शंभर पट असा आकडा आला. लगेच काहींनी म्हटलं, बघा, यांचंच जुळत नाही. पण प्रश्नच वेगळा होता. मेट ऑफिसने वायव्य भारत आणि पाकिस्तान घेतला आणि विचारलं की २०१० च्या एप्रिल-मे चा उष्णतेचा विक्रम किती वेळा मोडेल. उत्तर आलं, हवामान बदल नसता तर ३१२ वर्षांतून एकदा, आणि आजच्या हवेत ३.१ वर्षांतून एकदा. भागाकार केला की शंभर पट. एकाने मार्च-एप्रिल धरला, दुसऱ्याने एप्रिल-मे. एकाची रेघ आजही फार उंच, दुसऱ्याची आज सहज ओलांडली जाणारी. एकाच वावराचा उतारा एकाने एकरी सांगितला आणि दुसऱ्याने हेक्टरी, तर आकडे वेगळे येणारच. म्हणून "किती पट" हा आकडा एकटा कधी वाचायचा नाही. कोणता भाग, किती दिवस आणि कोणती रेघ, हे सोबत वाचायचं.

तीसही काही तराजूवर मोजलेला आकडा नाही. तो मधला अंदाज आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी जागा आहे. इतक्या दुर्मीळ घटनेला काही दशकांच्या नोंदी तोकड्याच पडतात. पुढचा अंदाज तर त्यांनी सरळ पल्ल्यातच दिला आहे. पृथ्वी एकूण २ अंश तापली तर अशी लाट आजच्यापेक्षा आणखी २ ते २० पट वेळा येईल आणि ०.५ ते १.५ अंश जास्त तापेल. शेतकऱ्याने अशा पल्ल्यातला खालचा आकडा धरून विचार करावा, असं माझं मत. दुप्पट धरलं तरी उशिराच्या गव्हाचा हिशोब बदलतो.

आता दुसरी बाजू, आणि ती आपल्या बागायतदारांनी नीट वाचावी. १९ मे २०१६ ला राजस्थानात फलोदीला ५१ अंशांची नोंद झाली, देशाचा विक्रम. सगळ्यांना वाटलं, हे तर नक्कीच हवामान बदलाचं. अभ्यास झाला, त्यातही अच्युतराव होते, आणि उत्तर आलं की वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दिवसाचा आकडा तिथे स्पष्टपणे वाढताना दिसत नाही. शास्त्रज्ञांनी तेच छापलं. या पद्धतीवर माझा विश्वास बसण्याचं हेही एक कारण. जी पद्धत "नाही" म्हणू शकते, तिच्या "हो" ला किंमत असते.

वाढ का दिसत नाही, याची दोन कारणं त्यांनी दिली. एक, हवेतला धूर आणि धुळीचा थर. तो सूर्याचा काही भाग अडवतो, म्हणून दिवसाचा पारा दबून राहतो. दुसरं, ओलित. ओल्या जमिनीतून आणि पानांतून पाणी उडतं तेव्हा उष्णता त्यात खर्च होते आणि हवा तेवढी कमी तापते. हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही. रावेर-यावलच्या केळीत दुपारी दोन वाजता शिरा आणि मग शेजारच्या नांगरून टाकलेल्या वावरात उभे राहा, फरक अंगाला कळतो. पण ही सावली फुकटची नाही. पारा कमी दिसतो, पण हवेत ओल वाढते, घाम वाळत नाही आणि घड कापणाऱ्या मजुराचं अंग थंड होत नाही. नुसत्या थर्मामीटरवर बघितलं तर धोका कमी वाटतो, माणसाच्या अंगाने बघितलं तर तसं नसतं. म्हणून आता काही अभ्यासांत तापमानासोबत आर्द्रताही धरतात.

याच कारणाने शास्त्रज्ञ एकट्या जळगाव किंवा धुळे केंद्राच्या एका दिवसाच्या पाऱ्यावर निकाल द्यायला कचरतात. केंद्राभोवती शहर वाढलं, रस्ते डांबरी झाले, की पारा चढतो. केंद्र हललं किंवा शेजारी ओलित आलं, की उतरतो. मोठ्या भागाची सरासरी काढली की असे स्थानिक फरक बरेचसे एकमेकांत जिरतात. पण त्याचा अर्थ असाही की २०२२ चे तीस पट हे त्या मोठ्या पट्ट्याचे आहेत. तो आकडा उचलून चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या एका दुपारला चिकटवायचा नाही.

पुराचं गणित उन्हापेक्षा अवघड. मूळ तत्त्व सोपं आहे. हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून पडायला लागला तर जास्त पडतो. पण पाऊस पडेल का आणि कुठे पडेल, हे वाऱ्यावर आणि डोंगरावर असतं.

आपलं चाळीसगाव घ्या. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री पाऊस झाला, तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, गावांत पाणी शिरलं, गुरं वाहून गेली, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. या घटनेचा असा हिशोब मांडायचा म्हटलं तर पहिल्याच पायरीला प्रश्न येतो. पाऊस झाला तो डोंगराच्या छोट्या पट्ट्यात आणि काही तासांत. जगाच्या हवामानाच्या अनेक मॉडेलमध्ये एक चौकोन शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. त्या एका चौकोनात चाळीसगाव, कन्नड आणि मधला घाट सगळा एकाच उंचीचा होऊन जातो. ज्या डोंगराने ढग अडवला तो डोंगरच मॉडेलला दिसत नसेल, तर त्याची परीक्षा तिथेच संपली. बारीक चौकोनांची मॉडेल लागतात, ती थोडी असतात, आणि छोट्या भागाच्या जुन्या पर्जन्यनोंदीही विरळ असतात.

वायनाडला ३० जुलै २०२४ ला पहाटे दरड कोसळली, तिचा अभ्यास अशा बारीक मॉडेलवर झाला. त्या भागात एका दिवसात १४० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. उत्तर आलं की हवामान बदलामुळे तो सुमारे १० टक्के जास्त पडला. म्हणजे १४० पैकी साधारण १३ मिलिमीटर. सोबत त्यांनी स्पष्ट लिहिलं की भाग छोटा आणि डोंगराळ असल्यामुळे अनिश्चितता मोठी आहे. पहिले १२७ मिलिमीटर पडलेच असते, हेही लक्षात घ्या. पण जमीन आधीच पाण्याने फुगलेली असताना शेवटचे १३ मिलिमीटर काय करतात, ते बांध फुटलेल्या माणसाला विचारा.

आणि पाऊस किती वाढला हे कळलं, तरी नुकसान कोणामुळे झालं ते त्यातून निघत नाही. नाल्याच्या पात्रात कोणी वावर केलं असेल, पुलाची मोरी अरुंद असेल, डोंगर उघडा पडला असेल, तर तो हिशोब वेगळा. शास्त्रज्ञ फक्त पावसाचं आणि उन्हाचं बोलतात. "हवामान बदलामुळे झालं" हे वाक्य कोणी मोरी न बदलण्यासाठी वापरत असेल, तर तिथेच थांबवायचं.

फळपीक विम्यात आपण एका वेगळ्याच प्रश्नाला सरावलो आहोत. मंडळाच्या केंद्रावर पारा ठरलेल्या अंशाच्या वर ठरलेले दिवस राहिला का? राहिला तर भरपाई, नाही तर नाही. त्यात कारण विचारत नाहीत, आणि ते ठीकच आहे. पण ती रेघ किती वर्षांतून एकदा ओलांडली जाईल, हा अंदाज जुन्या नोंदींवर बसवला, तर सरकत्या हवेत तो मागे पडतो. जी रेघ पूर्वी क्वचित ओलांडली जायची ती नेहमीची झाली, की एक तर हप्ता वाढतो किंवा रेघ वर जाते. त्या बैठकीत आपल्या बाजूने कोणी बोलणार असेल, तर त्याच्या हातात "ऊन फार वाढलंय हो" असं वाक्य नको, किती वर्षांतून एकदा पूर्वी आणि किती वर्षांतून एकदा आता, हे दोन आकडे पाहिजेत.

तात्यांना मी दिलेलं उत्तर असं होतं. २०२२ सारखा अख्खा मार्च-एप्रिल आजही दरवर्षीचा नाही, पण तुमच्या वडिलांच्या काळात तो जवळजवळ नव्हताच. त्यापेक्षा हलकं, पण दाणा बारीक करायला पुरेसं ऊन आता जास्त वेळा येणार, हे धरून चाला. पुराबद्दल मात्र एवढ्या खात्रीने मी सांगू शकत नाही, तिथे नाला मोकळा ठेवणं हेच आपल्या हातात. तात्यांनी त्यानंतर कापूस नोव्हेंबरातच मोकळा करायला घेतला. फरदडीचे चार पैसे सोडले, गहू महिनाभर आधी टाकला.

ज्यांच्याकडे गव्हाच्या पेरणीची तारीख आणि उतारा दोन्ही वह्यांत लिहून ठेवलेले आहेत, त्यांनी २०२२ आणि त्याच्या आगेमागेच्या वर्षांचे आकडे खाली लिहा. तालुका आणि पाण्याच्या पाळ्याही टाका. जमले तर एकत्र मांडून बघू.